उजव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा

"पापण्यांचे केस नंतर बघ. आधी त्यांच्याभोवतीची कातडी बघ. माणूस फॉर्मवर काहीही लिहितं, कातडीला खोटं लिहिता येत नाही."

कामाच्या पहिल्याच दिवशी मॅडम मला हे म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आम्हाला पापण्यांचे पैसे मिळतात, कातडीचं काय घेऊन बसलात. त्या वेळी मी सात महिन्यांची गरोदर होते. मॅडम दिवसाला अशा वीस सूचना द्यायच्या. त्यांतल्या निम्म्या स्वच्छतेच्या असायच्या आणि उरलेल्या निम्म्या त्या स्वतःच दुसऱ्या दिवशी बदलायच्या. ही एक मी कधी वापरलीच नाही.

मॅडमच्या पार्लरमध्ये फक्त पापण्यांचं काम चालतं. दोन खुर्च्या, भिंगाचे दोन दिवे आणि दारामागे हात धुण्याचं बेसिन. बाळ झाल्यापासून मी सकाळी तीन तास तिथे असते. दुपारी बाळ झोपलं की घरून फोटो तपासते. पार्लरला यायच्या आधी प्रत्येक क्लायंटकडून आम्ही तीन क्लोजअप मागवतो. एकात समोर बघायचं, एकात खाली बघायचं, एक बाजूने काढायचा. फोटोवर नाव नसतं, नंबर असतो. मी कार्डावर लांबी, बाक आणि दाटपणा लिहिते, आणि शेवटच्या रकान्यात निकाल: कर्लर पुरे, की एक्स्टेन्शन लावायच्या, की दोन्ही नको.

ऐकायला सोपं वाटतं. समोरच्या फोटोवरून बाक कळत नाही, तो बाजूच्याच फोटोत दिसतो. फोन खालून धरला की आखूड केसही लांब वाटतात. मस्कारा लावलेला असेल तर चार केस चिकटून एक जाड केस होतो आणि पातळ पापणी दाट दिसते, म्हणून तो पुसून पुन्हा फोटो मागवायचा. दाटपणा बघायचा तो खाली बघतानाच्या फोटोत, अगदी मुळाशी, कारण फट असते ती तिथे. केस लांब, मजबूत पण सरळ असतील तर कर्लरने, म्हणजे पापण्या वळवायच्या चिमट्याने भागतं. आखूड किंवा विरळ असतील, पण मूळ धडधाकट असेल, तर एक्स्टेन्शनचा विचार होतो. एका खऱ्या केसावर एक हलका कृत्रिम केस, त्याच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच लांब. दुबळ्या केसावर ओझं टाकलं तर तो ओझ्यासकट खाली येतो.

संशय माझ्या रक्तातच आहे. बाळ शांत झोपलं की मी त्याच्या नाकाखाली बोट धरते, आणि रडायला लागलं की कपड्यात पिन राहिली का ते चाचपते. सासूबाई म्हणतात, "तू पोलिसात जायला हवी होतीस. आमच्या घरात उगाच वाया चाललीस." नवरा म्हणतो, पोलिसांना निदान सुट्टी असते.

आणि तरीही बहात्तर नंबरच्या वेळी हा संशय नेमका झोपला.

बहात्तर नंबरचे फोटो पहिल्यांदा आले ते परीक्षांच्या आधी. फॉर्मवर वय छत्तीस. कारण: नृत्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढायचे आहेत, पापण्या सरळ आहेत, उठून दिसत नाहीत. बाळाला त्या दिवशी पहिला दात येत होता आणि त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. एका मांडीवर बाळ, दुसरीवर लॅपटॉप, अशा थाटात मी ते कार्ड भरलं. लांबी दहा मिलिमीटर, चांगली. बाक जवळपास नाही. दाटपणा मध्यम. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात किंचित विरळ. निकाल: कर्लर पुरे. सोबत नेहमीच्या सूचना पाठवल्या. पापण्या धुऊन कोरड्या करा, मस्काऱ्याच्या आधीच वापरा, मुळाच्या थोडं वर धरून पाच-सात सेकंद दाबा, ओढू नका.

दोन मिनिटांत काम झालं. "किंचित विरळ" हे शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि पुढच्या नंबरकडे वळले.

तीन महिन्यांनी तोच नंबर परत आला. सोबत निरोप: "तुमच्या सांगण्यावरून कर्लर वापरला. पापण्या तुटल्या. आता तुम्हीच एक्स्टेन्शन लावून द्या. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे."

मी फोटो उघडला. बाहेरच्या कोपऱ्यात, पापणीच्या कडेचा जवळजवळ तिसरा हिस्सा उघडा होता. मधेच कुठे एखादा बारीक केस उभा. बाकीच्या पापण्या मात्र छान, लांब, सरळ.

पण ही उघडी जागा उजव्या डोळ्यावर होती.

मी जुनं कार्ड काढलं. डावा. पुन्हा फोटो बघितले. जुन्यात डावा विरळ, उजवा भरलेला. नव्यात उजवा उघडा, डावा भरलेला. तीन महिन्यांत एक डोळा भरून यायचा आणि नेमका दुसरा रिकामा व्हायचा? माझं डोकं चाललं ते सरळ एका दिशेने: हे दोन वेगळ्या माणसांचे डोळे आहेत. कुणीतरी आपल्याला फसवतंय. कुणाची तरी आजारी पापणी दाखवून आमच्या माथी मारतंय.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला दोन्ही फोटो दाखवले.

"मला दोन्हीकडे डोळाच दिसतोय," तो म्हणाला.

"नीट बघ ना. ही बाई छत्तीसची वाटते?"

"डोळ्यावरून वय कसं सांगू? माझं सांगशील?"

"तुझं सांगते की. कोपऱ्यात तीन रेघा, खाली सूज, चाळीस."

"मी चौतीसचा आहे गं."

"तेच म्हणतेय. आणि हिला एकसुद्धा रेघ नाही."

बोलून गेले आणि हातातला घास हातातच राहिला. खरंच एकही रेघ नव्हती. पापणीची कातडी इतकी पातळ की आतली निळी शीर दिसत होती. डोळ्याचा पांढरा भाग निळसर, धुतल्यासारखा. हा डोळा छत्तीसचा नव्हता, सव्वीसचाही नव्हता. मी बाळाकडे पाहिलं. त्याच्या पापणीवर तशीच शीर होती.

सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून फोटो बघितले आणि म्हणाल्या, "हे पोरगं आहे कुणाचं तरी. तिला बोलाव. फोटोवर निकाल द्यायचा नाही."

"त्या म्हणतायत आपल्या कर्लरमुळे झालं."

"असेल तर आपण मान खाली घालू. नसेल तर कशामुळे झालं ते कळू दे. बोलाव."

मला बोलवायचं नव्हतं, हे खरं सांगते. कर्लर मी सांगितला होता. कुणा लहान मुलीच्या पापण्या माझ्या दोन मिनिटांमुळे तुटल्या असतील, तर ते मला भिंगाखाली बघावं लागणार होतं.

शुक्रवारी त्या दोघी आल्या. आई नीटनेटकी, खांद्याला जड बॅग, हातात फोन. मुलगी तिच्या मागे, केस कपाळावर ओढलेले, फुल बाह्यांचा शर्ट बोटांपर्यंत खेचलेला.

"किती वर्षांची?" मॅडमनी विचारलं.

"अकरा. पण उंचीमुळे मोठी दिसते," आई म्हणाली. "फॉर्ममध्ये अठराच्या खालचं वय घेतच नाही तुमचं, म्हणून माझं टाकलं."

"ते घेत नाही त्याला कारण आहे, बाई."

"कारण असू दे. आधी कर्लर सांगताना कारण आठवलं नाही तुम्हाला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"पहिले फोटो कुणी काढले होते?" मी विचारलं. माझ्या डोक्यात अजून ते दोन डोळे भांडत होते.

"हिनेच. आरशात बघून काढतात तसे, पुढच्या कॅमेऱ्याने. या वेळचे मी काढले, मागच्या कॅमेऱ्याने."

पुढचा कॅमेरा. आरशासारखा. त्यात डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. वर्षभर हेच काम करून मला हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. दुसरा माणूस नव्हताच. एकच मुलगी, एकच उजवा डोळा. तीन महिन्यांपूर्वी तिथे किंचित विरळ होतं आणि आता उघडं पडलं होतं. म्हणजे सुरुवात कर्लरच्याही आधीची होती.

हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

मुलीला खुर्चीवर आडवं केलं. मी हात धुतले, भिंगाचा दिवा खाली ओढला. तिला म्हटलं, "काही लावणार नाही आणि काही दुखणार नाही. नुसतं बघणार. चालेल?"

"हो ताई."

आधी कडा बघितली. खपली नाही, कोंडा नाही, लाली किंचित. मग तो उघडा कोपरा. तिथे सात-आठ बारीक केस होते, कुणी दोन मिलिमीटर, कुणी चार, कुणी जेमतेम वर आलेला. मी श्वास रोखून त्यांची टोकं बघितली.

कर्लरने मोडलेला केस ओळखू येतो. रबराची पट्टी जिथे दाबते तिथे तो दुमडतो आणि तुटतो. म्हणजे टोक बोथट, कापल्यासारखं, आणि सगळे तुटलेले केस साधारण एका रेषेत, बहुधा डोळ्याच्या मध्यावर. इथे सगळी टोकं निमुळती होती, सुईसारखी. निमुळतं टोक म्हणजे नवा केस, मुळापासून उगवलेला. म्हणजे जुना मोडला नव्हता, तो मुळासकट गेला होता. आणि सगळे एकदम गेले नव्हते, नाहीतर नवे एका उंचीचे असते. एक आज, दोन परवा, एक पुढच्या आठवड्यात, असे गेले होते.

डावा डोळा बघितला. पूर्ण भरलेला.

"कर्लर दोन्ही डोळ्यांना लावायचात ना?" मी आईला विचारलं.

"दोन्हीला. मी स्वतः लावायचे, रोज सकाळी. सेकंद मोजून."

"मग डाव्याला काहीच कसं झालं नाही?"

"ते मला काय विचारता?"

कर्लर एका डोळ्याचा पक्ष घेत नाही. मी मुलीचा उजवा हात हातात घेतला, बाही मागे सरकवली. तर्जनी आणि अंगठ्याची नखं इतर नखांपेक्षा थोडी वाढवलेली होती. तिने हात हलकेच ओढून घेतला आणि पुन्हा बाहीत लपवला.

मॅडमनी ते पाहिलं. त्या आईला म्हणाल्या, "या जरा बाहेर, फॉर्म नव्याने भरायचा आहे. वय खरं लिहायचं." आई कुरकुरत गेली.

दार लागल्यावर मी दिवा बाजूला केला. लहान मुलांशी असं कसं बोलतात हे मला माहीत नव्हतं. माझं मूल अजून 'बा' आणि 'मं' यांच्या पुढे गेलेलं नव्हतं.

"मी तुला रागावणार नाही," मी म्हटलं. "हे केस तू काढतेस का?"

छताकडे बघत ती म्हणाली, "आधी एकच काढायचे."

"आता?"

"आता मोजत नाही."

"दुखतं?"

"थोडंसं. मग बरं वाटतं. मग परत वाईट वाटतं." जरा थांबून म्हणाली, "डाव्या हाताने पुस्तक धरते ना, म्हणून उजवा मोकळा असतो."

"म्हणजे अभ्यास करताना?"

"आई घेते तेव्हा."

"आई रागावते?"

"नाही. ती नुसती बघते. चुकलं की श्वास सोडते." तिने श्वास सोडून दाखवला, मोठ्या माणसासारखा, दमलेला. मला तो श्वास ओळखीचा वाटला. बाळ रात्री चौथ्यांदा उठलं की मी तसाच सोडते.

"आईला सांगितलंस?"

"कर्लरने तुटले असं तीच म्हणाली. मग मी हो म्हटलं."

मी विचार करत होते की हे आईला कसं सांगायचं. तेवढ्यात दार उघडून ती आतच आली. "झालं बघून? किती वेळ लागेल लावायला?"

"लावता येणार नाही," मी म्हटलं. "मुलांना आम्ही लावत नाही, ते एक. दुसरं म्हणजे त्या कोपऱ्यात लावायला केसच नाहीत. जे आहेत ते इतके कोवळे आहेत की गोंदाचं वजन त्यांना पेलणार नाही. आणि..."

"आणि काय?"

"कर्लरने हे झालेलं नाही. केस मुळापासून गेलेत. तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, दुसरं काही कारण नाही ना ते बघू दे त्यांना. आणि मुलांच्या मनाचे डॉक्टर असतात, त्यांच्याशीही बोला. पुष्कळ मुलं असं करतात. मुद्दाम नाही करत, हात आपोआप जातो."

आई मुलीकडे वळली. आवाज अगदी हळू होता. "तू काढतेस?"

मुलीचा हात डोळ्याकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"मला वाटलंच," आई म्हणाली. पण कुणाबद्दल वाटलं ते पुढच्या वाक्यात कळलं. "मला वाटलंच तुम्ही चूक अंगावर घेणार नाही. अकरा वर्षांच्या पोरीवर ढकललंत. खोलीत एकटीला घेऊन काय काय वदवून घेतलंत तिच्याकडून?"

"बाई, तुम्ही शांतपणे बसा," मॅडम म्हणाल्या. "चूक आमची आहेच. वय न तपासता आम्ही कर्लर सांगितला. पहिल्या फोटोतच विरळ दिसत होतं, तेव्हाच बोलवायला हवं होतं. त्याबद्दल माफी मागते. पण आता हे चिकटवून झाकलंत तर ती ते चिकटवलेलेसुद्धा ओढेल, आणि त्यांच्याबरोबर उरलेले जातील. सारखं सारखं ओढलं तर पुढे मूळच केस धरत नाही."

"रविवारी स्टेजसमोर तीनशे माणसं असतील. तिला कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"तीनशेतल्या दोनशे नव्वदांना पापणी दिसतसुद्धा नाही."

"मला दिसते," आई म्हणाली.

त्या क्षणी मला तिची कीव आली, हेही लिहायला हवं. तीन महिने ती रोज सकाळी त्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर बसून सेकंद मोजत होती. इतक्या जवळून बघूनही तिला का दिसलं नाही ते मी बरोबर समजू शकते. मला तर पन्नास पट मोठं करूनही दिसलं नव्हतं.

"तिला रागावू नका," मी म्हटलं. "हात बांधू नका, नखं जबरदस्तीने कापू नका. अभ्यासाला काही दिवस दुसरं कुणी बसलं तर..."

"तुम्हाला किती मुलं आहेत?"

"एक. नऊ महिन्यांचं."

"मग नऊ वर्षांनी सांगा मला," असं म्हणून तिने बॅग उचलली. "पार्लर काय हे एकच आहे?"

मुलगी जाताना मागे वळली नाही. बेसिनपाशी मात्र क्षणभर थांबली. आरशात स्वतःकडे पाहिलं आणि उजव्या बाजूची बट पुढे ओढून घेतली.

मॅडमनी ते कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "निकाल लिही," म्हणाल्या. मी लिहिला: दोन्ही नको. मग खाली कारण लिहायला घेतलं. रकाना पुरला नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं.

त्यानंतर मी त्या आईला तीनदा फोन केला. पहिल्यांदा वाजून बंद झाला, पुढे वाजलाच नाही. मॅडमनी एक निरोप पाठवला, डॉक्टरांचे दोन पत्ते आणि एवढंच की राग असला तरी चालेल, दाखवून या. त्यावर काही आलं नाही. आता फॉर्ममध्ये वयाचा पुरावा मागतो, आणि फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला हेही. फोटो आला की मी आधी कातडी बघते. पण हे सगळं पुढच्या नंबरांसाठी झालं.

मॅडम म्हणतात, आई आहे, शांत झाली की नेईल. सासूबाई म्हणतात, परक्याच्या पोरीचा किती घोर लावून घेशील. नवऱ्याने फक्त एकदा विचारलं, की त्या मुलीला नाचायला आवडतं का. मी ते विचारलंच नव्हतं.

मला भीती दोन गोष्टींची आहे. कुठल्यातरी खुर्चीवर तिला आडवं करून, डोळ्यांवर पट्ट्या चिकटवून कुणीतरी गोंद लावत असेल आणि कोपरा छान झाकला म्हणून सगळे खूश असतील, ही एक. दुसरी, घरी आता कुणीतरी तिच्या हातावर पाळत ठेवून बसलं असेल आणि दर थोड्या वेळाने श्वास सोडत असेल.

तिचं नाव मला माहीत नाही, आणि असतं तरी इथे लिहिलं नसतं. वय अकरा, उंच, बाह्या बोटांपर्यंत, उजवीकडची बट पुढे. तुम्ही पापण्यांचं काम करत असाल आणि अशी कुणी आईबरोबर आली, तर आईला थोडा वेळ बाहेर बसवा आणि दिवा बाजूला करून तिच्याशी बोला. तुम्ही तिची मावशी असाल, शेजारीण असाल, वर्गशिक्षिका असाल, तर आज नाहीतर उद्या तिच्या घरी एक चक्कर टाका. डोळ्याकडे टक लावून बघू नका. तिच्याजवळ बसा, ती कशी आहे ते विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

ती बरी असेल तर मला कळवण्याची गरज नाही. पण बघून या.